निकालाच्या आधीचे दोन दिवस

कानच्या चित्रपट महोत्सवात निकाल जाहीर होतो संध्याकाळी, स्टेजवर. दिग्दर्शकाला मात्र तो दुपारीच फोनवर कळतो, आणि तोही अर्धाच. शेवटच्या दिवशी सकाळी ज्युरी शहराजवळच्या टेकडीवर, व्हिला दोमेर्ग नावाच्या जुन्या बंगल्यात जाऊन बसते. परीक्षकांचे मोबाइल काढून घेतलेले असतात आणि निकाल लागेपर्यंत त्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध नसतो. यादी पक्की झाली की महोत्सवाच्या कार्यालयातून ज्यांना काहीतरी मिळालंय अशांनाच फोन जातात. निरोप एवढाच असतो : संध्याकाळच्या समारंभाला तुम्ही हजर असावं. काय मिळालंय, कुणाला मिळालंय, हे सांगत नाहीत. पहिलं पारितोषिक असेल, अभिनयाचं असेल, पटकथेचं असेल. ज्यांना फोन येत नाही, त्यांना कुणी नकार कळवत नाही. दुपार टळली की त्यांनी समजून घ्यायचं असतं.

25 मे 2024 या शनिवारी पायल कपाडिया याच शहरात होती. ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ हा तिचा पहिला कथापट मुख्य स्पर्धेतल्या 22 चित्रपटांपैकी एक होता आणि त्याचा खेळ होऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. मुंबईत नोकरी करणाऱ्या दोन मल्याळी नर्सची आणि त्यांच्याच रुग्णालयात स्वयंपाक करणाऱ्या पार्वतीची ही गोष्ट. गिरणगावातल्या राहत्या घरातून बिल्डर पार्वतीला उठवतो आणि ती कोकणातल्या आपल्या गावी परत जाते. पार्वती झाल्या होत्या छाया कदम. याआधी मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट पोचला होता तो 1994 साली, शाजी करुण यांचा ‘स्वहम’. मधे तीस वर्षं गेली होती.

पहिली फिल्म घेऊन आलेली दिग्दर्शिका या मधल्या दोन दिवसांत काय करत असते? पदर पसरून वाट पाहत बसायला तिला वेळ नसतो. सकाळी मुलाखती असतात, एकेका पत्रकाराला पंधरा-वीस मिनिटं, प्रश्न बहुतेक तेच. दुपारी सेल्स एजंटच्या टेबलावर वेगवेगळ्या देशांचे वितरक येऊन बसतात. वितरकांचंही लक्ष शनिवारकडे असतं, कारण पारितोषिक मिळालं तर त्याच फिल्मची किंमत वाढते आणि नाही मिळालं तर थोडं थांबून ती स्वस्तात घेता येते. महोत्सवाच्या दिवसांत गावातल्या खोल्यांची भाडी आभाळाला भिडलेली असतात, त्यामुळे कितीतरी मंडळी आपला खेळ झाला की परतीच्या वाटेला लागतात. अशांना फोन गेला तर विमान पकडून उलट यावं लागतं. म्हणून शनिवारी कोण विमानतळावर उतरलं आणि संध्याकाळी लाल गालिच्यावर कोण दिसलं, यावर पत्रकार टपून असतात. अर्धा निकाल तिथेच फुटतो.

या सगळ्या गडबडीत तिच्या मनात एक वेगळाच हिशेब चालू असतो, खुणांचा. टाळ्या किती मिनिटं वाजल्या? ज्युरीतली कुणी रडली का? काल नाश्त्याच्या वेळी त्या परीक्षकाने आपल्याकडे पाहून मान वळवली, ती का? सकाळच्या अंकात तारे किती आले? या खुणांवर रात्र काढणाऱ्या माणसांविषयी मला माया वाटते, कारण त्यातली जवळपास एकही खूण त्या बंगल्यातल्या खोलीपर्यंत पोचत नाही.

टाळ्यांचंच घ्या. ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ संपल्यावर लोक आठ मिनिटं उभे राहून टाळ्या वाजवत होते, अशा बातम्या आपल्याकडे छापून आल्या. पण कानच्या मोठ्या प्रेक्षागृहात पहिल्या खेळाला दिग्दर्शक आणि नट समोर बसलेले असतात, कॅमेरा त्यांचे चेहरे मोठ्या पडद्यावर दाखवत असतो, आणि कॅमेरा फिरतोय तोवर लोक टाळ्या वाजवत राहतात. तो पाहुण्यांचा मान असतो. पुढे काहीच न मिळालेल्या कितीतरी फिल्मनाही तिथे तशाच लांबलचक टाळ्या पडल्या आहेत.

ताऱ्यांचं प्रकरण जरा गंभीर आहे, कारण ते शहाण्या माणसांनाही फसवतं. महोत्सवाच्या काळात एक व्यापारी नियतकालिक रोज एक तक्ता छापतं. वेगवेगळ्या देशांचे समीक्षक प्रत्येक फिल्मला चारपैकी गुण देतात आणि त्यांची सरासरी निघते. 2016 साली मारेन आडे या जर्मन दिग्दर्शिकेच्या ‘टोनी एर्डमान’ला 3.7 गुण पडले. त्या तक्त्यात तोवर इतके गुण कुणालाच मिळाले नव्हते. सगळ्यांनी धरून चालले होते की पाम दोर, म्हणजे कानचं सर्वोच्च पारितोषिक, तिलाच जाणार. जॉर्ज मिलर यांच्या ज्युरीने तिला एकही पारितोषिक दिलं नाही. दोनच वर्षांनी ली चांग-दोंग यांच्या ‘बर्निंग’ने 3.8 गुण घेऊन तो उच्चांक मोडला, आणि तीही मुख्य ज्युरीकडून रिकाम्या हाताने परतली. दोन्ही फिल्मना समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं पारितोषिक मात्र मिळालं. हे ओघानेच आलं, कारण तिथे मतं समीक्षकांचीच असतात. मुख्य ज्युरीत मात्र बहुतेक नट, दिग्दर्शक आणि लेखक असतात. ते वेगळ्या गोष्टींकडे बघतात आणि वेगळ्या गोष्टींवर चिडतात.

आणि नाश्त्याच्या वेळी मान वळवणारा परीक्षक? तो फक्त नियम पाळत होता. स्पर्धेतल्या फिल्मबद्दल बाहेर बोलायचं नाही आणि ती करणाऱ्यांशी सलगी करायची नाही, हे परीक्षकांना आधीच बजावलेलं असतं.

मग त्या खोलीत घडतं तरी काय? प्रत्येक ज्युरीची पद्धत वेगळी असते. काही अध्यक्ष दर दोन-तीन दिवसांनी सगळ्यांना जमवून तोवर पाहिलेल्या फिल्मवर बोलायला लावतात, म्हणजे पहिल्या दिवशी पाहिलेली फिल्म शेवटच्या दिवशी पुसट होत नाही. काही जण सांगतात, आधी कागदावर नावं लिहा, मग तोंड उघडा. या दुसऱ्या सूचनेचं मोल मोठं आहे. टेबलाभोवती एखादा नावाजलेला माणूस पहिल्यांदा बोलला की बाकीच्यांची मतं नकळत त्याच्या बाजूला कलू लागतात.

ही कागदावरची नावं कशी मोजतात, यावर पहिल्या फिल्मचं नशीब किती फिरतं, हे एका कल्पित ज्युरीवरून नीट कळेल. समजा, एका मध्यम आकाराच्या महोत्सवात बारा फिल्म आहेत, परीक्षक पाच आणि पारितोषिकं दोनच : सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि ज्युरीचं विशेष पारितोषिक. आपल्या पहिलटकर दिग्दर्शिकेची फिल्म त्या बारांत आहे. चर्चा शेवटी चार फिल्मवर येऊन थांबते : एक मोठी युद्धकथा, डोंगरातल्या एका शाळेची गोष्ट, एक विनोदी फिल्म आणि हिची. अध्यक्ष प्रत्येकाला आपल्या पसंतीची तीन नावं क्रमाने लिहायला सांगतात.

ज्येष्ठ दिग्दर्शक लिहितो : युद्ध, मग हिची, मग शाळा. निर्मातीचा कागद असा : युद्ध, हिची, विनोदी. अभिनेत्री लिहिते : शाळा, हिची, युद्ध. संकलक : शाळा, हिची, विनोदी. पाचवा समीक्षक आहे, त्याचं मन विनोदी फिल्मवर बसलंय. त्यानंतर तो युद्ध लिहितो आणि तिसऱ्या क्रमांकावर हिची.

आता फक्त पहिली पसंती मोजली तर युद्धाला दोन, शाळेला दोन, विनोदीला एक आणि हिला शून्य. विनोदी गळते, समीक्षक आपलं मत युद्धाला देतो, तीन विरुद्ध दोन असा युद्धकथेचा विजय होतो. राहिलेलं विशेष पारितोषिक शाळेच्या दोघा पाठीराख्यांची समजूत घालायला शाळेला जातं. बैठक लवकर आटोपते. दुपारी हिच्या फोनची घंटा वाजत नाही, आणि ती आयुष्यभर समजून चालते की आपली फिल्म ज्युरीला भावली नाही.

तेच कागद आता वेगळ्या रीतीने मोजू. पहिल्या पसंतीला तीन गुण, दुसऱ्या पसंतीला दोन, तिसऱ्या पसंतीला एक. युद्ध : तीन, तीन, एक आणि दोन, मिळून नऊ. शाळा : एक, तीन, तीन, म्हणजे सात. विनोदीचे पाच. हिची : दोन गुण चार वेळा आणि वर एक, म्हणजे नऊ. एकाही परीक्षकाने पहिल्या क्रमांकावर न लिहिलेली फिल्म पहिल्या क्रमांकाच्या बरोबरीला येऊन उभी राहते. मग दोघींत सरळ मत घेतलं जातं. ज्येष्ठ दिग्दर्शक, निर्माती आणि समीक्षक युद्धाच्या बाजूने, अभिनेत्री आणि संकलक हिच्या. सर्वोत्कृष्ट चित्रपट युद्धकथाच ठरते. पण विशेष पारितोषिकासाठी हिची आणि शाळा समोरासमोर आल्या की पहिले दोघे आणि समीक्षक असे तिघे हिच्या बाजूला येतात. फोन लागतो.

परीक्षक तेच होते, आवडीनिवडी त्याच होत्या, कागदही तेच होते. फरक होता तो फक्त मोजणीत. त्यातही पहिल्या फिल्मच्या वाट्याला हे जास्त येतं, असं माझं मत आहे. मुरलेल्या दिग्दर्शकाच्या फिल्मला कडवे चाहते असतात आणि कडवे विरोधकही असतात. नवख्या माणसाची फिल्म चांगली असेल तर ती सगळ्यांनाच थोडी थोडी भावते, तिच्यावर राग कुणाचाच नसतो, पण तिच्यासाठी टेबलावर मूठ आपटणाराही कुणी नसतो. जिथे भांडून निकाल लागतो तिथे ती मागे पडते. जिथे समजुतीने लागतो तिथे ती वर येते.

आता यात अभिनयाचं पारितोषिक घाला. अभिनेत्री म्हणते, हिच्या फिल्ममधल्या नायिकेला अभिनयाचं देऊ, म्हणजे विशेष पारितोषिक शाळेला देता येईल आणि सगळ्यांचंच समाधान होईल. ही सूचना गोड वाटते. बहुतेक मोठ्या महोत्सवांत एका फिल्मला सहसा एकच पारितोषिक, असा नियम किंवा तसा दंडक असतो. तो कानमध्ये कडक झाला तो 1991 नंतर. त्या वर्षी कोएन बंधूंच्या ‘बार्टन फिंक’ने सर्वोच्च पारितोषिकाबरोबर दिग्दर्शनाचं आणि अभिनयाचंही नेलं होतं, आणि बाकीच्या फिल्मच्या वाट्याला त्या मानाने थोडंच उरलं होतं. आता एका फिल्मची बेरीज दुसऱ्या फिल्मची वजाबाकी असते. नायिकेला पारितोषिक मिळालं की दिग्दर्शिका खुर्चीतच बसून राहते. ती मनापासून टाळ्या वाजवते, आणि फोन आला तेव्हा आपल्याला वाटलेलं काहीतरी वेगळंच होतं हे तिला त्याच क्षणी उमगतं.

पहिल्या फिल्मची ही अडचण कानने फार पूर्वी ओळखली. मुरलेल्या दिग्दर्शकांच्या रांगेत नवख्या माणसाला उभं करून न्याय होत नाही, म्हणून 1978 साली कॅमेरा दोर सुरू झाला. हे फक्त पहिल्या लांबीच्या फिल्मसाठीचं पारितोषिक आहे. त्याची ज्युरी स्वतंत्र असते, आणि तिचं काम मुख्य ज्युरीपेक्षा एका बाबतीत अवघड असतं : पहिल्या फिल्म एका विभागात नसतात. मुख्य स्पर्धा, अं सर्तें रगार, डायरेक्टर्स फोर्टनाइट, क्रिटिक्स वीक, सगळीकडे त्या विखुरलेल्या असतात. परीक्षकांना शहरभर या थिएटरातून त्या थिएटरात पळत त्या गाठाव्या लागतात. निकाल मात्र शेवटच्या रात्री, मोठ्या समारंभातच लागतो. त्यामुळे फोर्टनाइटमध्ये पहिल्याच आठवड्यात खेळ झालेल्या दिग्दर्शकालाही शेवटच्या रात्रीपर्यंत ताटकळावं लागतं.

1988 साली तशी वाट पाहत होती मीरा नायर. ‘सलाम बॉम्बे!’ डायरेक्टर्स फोर्टनाइटमध्ये होती. त्याआधी तिने माहितीपट केले होते, पण कथापट हा पहिलाच. पटकथा लिहिली होती सूनी तारापोरवाला यांनी. मुंबईच्या रस्त्यावर राहणाऱ्या मुलांना जमवून बॅरी जॉन यांनी त्यांची कार्यशाळा घेतली, आणि फिल्ममधली बहुतेक मुलं त्यातूनच निवडली गेली. त्यांतला शफीक सय्यद झाला कृष्णा, म्हणजे चायपाव. भावाची सायकल जाळल्याबद्दल आईने त्याला सर्कशीत सोडलंय. पाचशे रुपये जमले की घरी यायचं, एवढंच त्याला ठाऊक आहे. तो मुंबईत येतो, चहा पोचवतो, पैसे साठवतो. त्याचं आईला पाठवायचं पत्र लिहून देणारा तरुण म्हणजे इरफान खान, पडद्यावर अगदी थोडा वेळ. बाबा नावाच्या दलालाच्या भूमिकेत नाना पाटेकर, चिलीमच्या भूमिकेत रघुवीर यादव.

या फिल्मचा शेवट मी पुन्हा पुन्हा पाहिलाय. गणपतीच्या विसर्जन मिरवणुकीच्या लोंढ्यात कृष्णाचा आणि रेखाचा हात सुटतो. ज्यांनी गिरगावात किंवा लालबागला अशा गर्दीत कुणाचा हात घट्ट धरून चाललंय, त्यांना ते किती खरं आहे हे सांगायला नको. गुलाल उधळलेला असतो, ढोल वाजत असतात, आणि त्या गर्दीत एका माणसाला दुसरं माणूस सापडत नाही. मग कृष्णा एका कोपऱ्यात येऊन बसतो आणि खिशातला भोवरा काढून त्याला दोरी गुंडाळू लागतो. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर थांबतो, हलत नाही. आपल्याला वाटत असतं, आता कुणीतरी येईल. कुणी येत नाही.

पहिली फिल्म ओळखायची कशी, असा प्रश्न कॅमेरा दोरच्या ज्युरीपुढे दरवर्षी असतो. हात बसलेला नाही, हे दिसतंच. कुठे एखादा प्रसंग लांबतो, कुठे संगीत जास्त बोलतं. परीक्षक शोधत असतात ते असं एखादं ठिकाण, जिथे दिग्दर्शकाने सोपी वाट सोडून दिली आणि तिथेच ठाम उभी राहिली. ‘सलाम बॉम्बे!’मध्ये ते ठिकाण हा शेवट आहे, असं मला वाटतं. त्या वर्षी कॅमेरा दोर याच फिल्मला मिळाला, शिवाय प्रेक्षकांचं पारितोषिकही. पुढे परदेशी भाषेतल्या चित्रपटासाठीच्या ऑस्करच्या अंतिम पाच नामांकनांत ती पोचली. फिल्मशी जोडूनच 1988 मध्ये सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला, रस्त्यावरच्या मुलांसाठी.

पुढच्याच वर्षी, 1989 मध्ये, शाजी करुण यांची पहिली फिल्म ‘पिरवी’ आली आणि तिला कॅमेरा दोरच्या ज्युरीने विशेष उल्लेख दिला. ‘विशेष उल्लेख’ हे शब्द अनेकांना उत्तेजनार्थ बक्षिसासारखे वाटतात. पण त्या खोलीतून बघितलं तर त्यांचा अर्थ निराळा असतो. पारितोषिक एकच होतं, ते दुसऱ्याला द्यावं लागलं, पण ही फिल्म पाहिल्याची नोंद केल्याशिवाय आम्हाला खोलीतून उठवेना, असं ज्युरी त्यातून सांगत असते. ‘पिरवी’ आणीबाणीच्या काळात पोलिसांनी नेलेल्या मुलाची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्या बापाची गोष्ट आहे. 1999 साली मुरली नायर यांच्या ‘मरण सिंहासनम्’ला कॅमेरा दोर मिळाला. तिन्ही फिल्म भारतीय, तिन्ही पहिल्या, आणि तिघींपैकी एकही मुंबईच्या मोठ्या स्टुडिओची नव्हती.

पहिलेपणाच्या हिशेबात एक बारीक गोमही आहे. कॅमेरा दोरच्या दृष्टीने पायल कपाडियाची पहिली लांबीची फिल्म होती 2021 सालचा ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’ हा माहितीपट, फोर्टनाइटमध्ये दाखवलेला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या या मुलीला त्यासाठी त्या वर्षीचं माहितीपटाचं पारितोषिक मिळालं. म्हणजे 2024 साली पहिला कथापट घेऊन ती आली तेव्हा पहिल्या फिल्मचं छत्र तिच्या डोक्यावर नव्हतं. तिला उघड्यावर, मुख्य स्पर्धेतच उभं राहायचं होतं, समोर फ्रान्सिस फोर्ड कोपोला आणि डेव्हिड क्रोननबर्ग यांच्यासारखी माणसं. ज्युरी नऊ जणांची होती, अध्यक्ष ग्रेटा गर्विग. तिच्याबरोबर जपानचे हिरोकाझू कोरे-एदा, लेबनॉनच्या नादिन लबाकी, तुर्कस्तानच्या पटकथाकार एब्रू जेलान, अभिनेत्री लिली ग्लॅडस्टोन अशी मंडळी. नऊपैकी पाच जण स्त्रिया.

त्या संध्याकाळी पाम दोर शॉन बेकरच्या ‘अनोरा’ला गेलं. त्याच्या खालोखालचं ग्राँ प्री ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला. पायलबरोबर कनी कुसृती, दिव्या प्रभा आणि छाया कदम स्टेजवर गेल्या. पुन्हा भारतीय फिल्म घ्यायला तीस वर्षं थांबू नका, असं पायल तिथे म्हणाली. पहिला कथापट घेऊन येणारीला हेच दुसरं पारितोषिक मिळण्याचा योग तिथे नुकताच येऊन गेला होता : 2019 साली माटी दिओपच्या ‘अटलांटिक्स’ला, तेव्हा पाम दोर ‘पॅरासाइट’कडे गेलं होतं. आपल्या कल्पित ज्युरीच्या कागदांवर सगळ्यांची दुसरी पसंती असलेली फिल्म आठवली की हा क्रमांक का जुळतो, याचा एक अंदाज येतो. त्या बंगल्यातली मतमोजणी बाहेर येत नाही, त्यामुळे अंदाजापलीकडे जाता येत नाही.

एका ज्युरीचा निकाल दुसऱ्या ज्युरीला बांधून घेत नाही, हेही याच फिल्मने पुढच्या चार महिन्यांत पाहिलं. ऑस्करसाठी देशाची एकच अधिकृत फिल्म पाठवायची असते. ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’मध्ये फ्रेंच निर्मात्यांचा पैसा होता, त्यामुळे फ्रान्सच्या समितीने तिला शेवटच्या चारांत घेतलं, पण पाठवली ‘एमिलिया पेरेझ’. भारताच्या समितीने निवडली किरण राव यांची ‘लापता लेडीज’. या समित्यांना शोधायचं होतं वेगळंच : अमेरिकेतल्या मतदारांपुढे आपल्या देशाच्या नावाने कोणती फिल्म चालेल. प्रश्न बदलला की तीच फिल्म दुसऱ्या जागी जाऊन बसते. आपल्याकडे त्यावर भांडणं झाली, पण दोन ज्युरींना वेगवेगळे प्रश्न घातले होते, हे त्या भांडणात फारसं कुणी मांडलं नाही. फिल्म भारतभर थिएटरांत लागली ती 22 नोव्हेंबर 2024 ला.

वाट पाहणाऱ्या या दोघीही पुढे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसल्या. मीरा नायर 2002 साली बर्लिनच्या ज्युरीची अध्यक्ष होती. तिथे सर्वोच्च पारितोषिक दोन फिल्मना वाटून देण्याची मोकळीक होती, आणि तिच्या ज्युरीने ती वापरली. उत्तर आयर्लंडमधल्या गोळीबारावरची ‘ब्लडी संडे’ आणि हायाओ मियाझाकींची अ‍ॅनिमेशन फिल्म ‘स्पिरिटेड अवे’, दोघींनाही सुवर्ण अस्वल मिळालं. पायल कपाडिया 2025 साली कानच्या मुख्य ज्युरीत बसली, ज्युलिएट बिनोश यांच्या अध्यक्षतेखाली. त्या ज्युरीने पाम दोर दिलं इराणच्या जाफर पनाहींना. पनाहींची पहिली फिल्म ‘द व्हाइट बलून’ 1995 साली कानमध्येच होती, फोर्टनाइटमध्ये, आणि तेव्हा तिला कॅमेरा दोर मिळाला होता.